मोठ्या गटाचा निरोप, पहिलीची तयारी

बालवाडीच्या निरोप समारंभाची संहिता अर्ध्या तासाची पुरे. त्यापुढे मुलं चुळबुळायला लागतात. प्रार्थना, एक गाणं, मग प्रमाणपत्रं. पाहुण्यांचं भाषण शक्यतो नकोच. नाव पुकारताना ताईंनी प्रत्येकाबद्दल एकच खरं वाक्य बोलावं: “ही सई. हिने कुंडीतल्या मेथीला रोज पाणी घातलं.” ‘हुशार’ म्हटलं की पालक लगेच तुलना करतात.

शेवटी पालकांसाठी चिठ्ठी वाचावी: “पहिलीत बाकावर जास्त वेळ बसावं लागतं आणि मावशी दर वेळी हाताशी नसतात. म्हणून सुट्टीत पाढ्यांच्या मागे लागू नका. डबा उघडणं, चड्डीचं बटण लावणं आणि ‘बाई, शू लागली’ असं न लाजता सांगणं जमवून घ्या. झाकण फारच घट्ट असेल, तर डबाच बदला.”