सात भागिले बारा नव्हे, सातबारा

मराठी बोलणारा चॅटबॉट उत्तर आधी लिहितो आणि मग वाचून दाखवतो. लिहिण्याचे काम भाषेचे मॉडेल करते, वाचण्याचे काम आवाजाचे इंजिन करते. या दोघांच्या मध्ये आणखी एक पायरी असते. आकडे, चिन्हे आणि संक्षेप ती अक्षरी शब्दांत उलगडते आणि मगच मजकूर आवाजाकडे पाठवते. तंत्रज्ञ तिला टेक्स्ट नॉर्मलायझेशन म्हणतात. ऐकणाऱ्याला खटकणारे बहुतेक उच्चार या पायरीवर चुकलेले असतात, आवाजाचा त्यात फारसा दोष नसतो.

जमिनीच्या नोंदींची माहिती फोनवर सांगणारी सेवा घ्या. चॅटबॉटने लिहिले: ‘मु.पो. नारायणगाव, ता. जुन्नर येथील स.नं. ११२/२चा ७/१२ दि. ०५/०६/२०२५ रोजी अद्ययावत झाला आहे. क्षेत्र ०.८१ हे.आर, शुल्क ₹१५.’ पडद्यावर हे वाक्य कोणत्याही शेतकऱ्याला सहज कळते. तेच जसेच्या तसे आवाजाकडे गेले, तर ‘मु’ आणि ‘पो’ सुटे ऐकू येतात, ‘ता’नंतर वाक्य संपल्यासारखा विराम पडतो, ७/१२चे ‘सात भागिले बारा’ किंवा ‘सात डिसेंबर’ होते आणि क्षेत्र ‘शून्य दशांश आठ एक हे आर’ असे येते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चूक कुठे झाली ते शोधावे लागते, आणि त्याची रीत सोपी आहे. आवाजाच्या इंजिनाकडे शेवटी जो मजकूर पोहोचला, तो नोंदवून ठेवायचा आणि डोळ्यांनी वाचायचा. त्यात ‘७/१२’ तसेच राहिले असेल, तर मधली पायरी कमी पडली. ‘सातबारा’ असा शब्द व्यवस्थित लिहिलेला असूनही उच्चार बिघडला, तर दोष आवाजाच्या मॉडेलचा. आणि मूळ लेखनातच गट क्रमांक चुकला असेल, तर उच्चार सुधारून काही उपयोग नाही. ही नोंद न ठेवता नुसत्या कानावर विसंबून केलेल्या दुरुस्त्या बहुधा भलत्याच ठिकाणी होतात.

आकड्यांचा प्रश्न मराठीत विशेष अवघड आहे, कारण शंभरापर्यंतच्या संख्यांची नावे एका नियमात बसत नाहीत. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आणि एकक जोडले की काम भागते. मराठीत त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव ही प्रत्येक संख्या आपले रूप घेऊन येते. एकोणीस, एकोणतीस अशी एकोणनव्वदपर्यंत चालणारी रीत नव्व्याण्णववर मोडते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा मोठा वाद झाला. संगणकाला ती पद्धत फार सोयीची पडली असती, पण चॅटबॉटने ‘साठ तीन रुपये’ म्हटले तर बँकेचा ग्राहक गोंधळेल. म्हणून शून्य ते नव्व्याण्णव ही सगळी नावे एका तक्त्यात हाताने भरायची आणि पुढच्या संख्या त्यांतून बांधायच्या: शे, हजार, लाख, कोटी. एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. १०० म्हणजे ‘शंभर’, पण १०१ म्हणजे ‘एकशे एक’. हे विसरलेले इंजिन ‘एकशे रुपये’ म्हणते आणि लगेच परके वाटू लागते.

भाषेच्या मॉडेललाच ‘आकडे अक्षरी लिही’ अशी सूचना देण्याचा मोह होतो. साध्या आकड्यांसाठी ते चालते, पण साठच्या पुढच्या संख्यांत मॉडेल कधी सदुसष्ट आणि शहात्तर यांची अदलाबदल करते, आणि ऐकणाऱ्याला ती चूक कळण्याचा मार्ग नसतो. रिचर्ड स्प्रोट आणि नवदीप जेटली यांनी २०१६ मध्ये हे काम न्यूरल नेटवर्ककडून करवून पाहिले, तेव्हा त्यांनाही हाच धोका दिसला. एकूण अचूकता चांगली होती, तरी अधूनमधून अर्थच बदलून टाकणाऱ्या चुका होत होत्या. विचित्र उच्चार सहन होतो, चुकीची रक्कम होत नाही. म्हणून मॉडेलने आकडे आकड्यांतच लिहावेत आणि त्यांचे शब्द ठरावीक नियमांच्या छोट्या प्रोग्रॅमने करावेत, हे अधिक सुरक्षित. पडद्यावर आकडे दिसत राहतात, हा त्याचा आणखी एक फायदा.

तक्ता तयार झाला तरी आकडा कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे लागते. १९६० हे साल असेल तर ‘एकोणीसशे साठ’, रक्कम असेल तर ‘एक हजार नऊशे साठ’. मोबाइल क्रमांक आणि पिन कोड एकेक अंक सुटा करून, मध्ये थोडा विराम देऊन सांगायचे. रुग्णवाहिकेचा १०८ मात्र लोकांच्या तोंडी ‘एकशे आठ’ असाच आहे. वेळ ४:४५ असेल तर घरगुती बोलण्यात ‘पावणेपाच’ येते आणि १:३०ला ‘दीड’, पण गाडीच्या वेळापत्रकात ४:४७च्या शेजारी ‘पावणेपाच’ शोभत नाही. तिथे सरळ तास आणि मिनिटे सांगितलेली बरी.

आकड्याला प्रत्यय लागला की काम आणखी नाजूक होते. ‘३रा’ म्हणजे ‘तिसरा’, ‘५वी’ म्हणजे ‘पाचवी’. ‘₹१५चे शुल्क’ याचे ‘पंधरा रुपयांचे शुल्क’ व्हायला हवे. चिन्हाच्या जागी नुसता ‘रुपये’ शब्द ठेवला, तर ‘पंधरा रुपयेचे’ असे मराठीत न बसणारे रूप तयार होते. ‘७/१२वर’ याचेही ‘सातबाऱ्यावर’ करायचे. म्हणजे नियमाने आकड्याबरोबर त्याला चिकटलेला प्रत्ययही उचलला पाहिजे. त्यातच ‘7’ आणि ‘७’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी चिन्हे असल्याने, सगळे अंक सुरुवातीलाच एका लिपीत आणावे लागतात.

नियमांचा क्रमही महत्त्वाचा. तिरकी रेघ दिसताच तिचे ‘भागिले’ करणारा सामान्य नियम आधी चालला, तर पुढच्यांना काही उरत नाही. वरच्या वाक्यात आधी पूर्ण तारीख ओळखायची, मग ‘स.नं.’नंतरचा ११२/२ उचलून ‘एकशे बारा, हिस्सा दोन’ करायचा, मग ७/१२, आणि उरलेल्या रेघांकडे शेवटी वळायचे. ‘७/१२ पर्यंत अर्ज करा’ अशा वाक्यात तोच आकडा तारीख असू शकतो, म्हणून शेजारी ‘उतारा’, ‘नोंद’, ‘गट’, ‘क्षेत्र’ यांपैकी काही आहे का ते पाहतात. क्षेत्राच्या आकड्यात दशांशचिन्हाच्या उजवीकडचे दोन अंक म्हणजे आर, कारण शंभर आर म्हणजे एक हेक्टर. म्हणून ०.८१ हे.आर याचे ‘शून्य हेक्टर एक्याऐंशी आर’ होते. हा नियम भाषेच्या पुस्तकातून मिळत नाही, तलाठ्याच्या कामातून मिळतो.

संक्षेपांमध्ये सर्वांत फसवा ‘ता.’ आहे. ‘ता. जुन्नर’ म्हणजे तालुका आणि ‘ता. ५ जून’ म्हणजे तारीख. पुढे आकडा आला तर तारीख, नाव आले तर तालुका, एवढ्या नियमाने बहुतेक वाक्ये सुटतात. ‘इ.’चे इयत्ता किंवा इत्यादी होते. ‘सौ.’ मागे असलेल्या नावाचे, हिंदीवर शिकलेल्या एखाद्या इंजिनाने, शंभराशी नाते जोडले तर नवल नाही. रोमन संक्षेपांना एकच नियम लागू होत नाही. OTP सुट्या अक्षरांत ‘ओटीपी’ होते, MIDC ‘एमआयडीसी’ होते, पण MHADA आणि CIDCO हे ‘म्हाडा’ आणि ‘सिडको’ असे अख्खे शब्द आहेत. इथे यादीशिवाय गत्यंतर नाही.

संक्षेपातला टिंब आणखी एक घोळ घालतो. लवकर बोलायला सुरुवात व्हावी म्हणून चॅटबॉट पूर्ण उत्तराची वाट पाहत नाही. वाक्य संपल्याचे दिसले की तेवढा तुकडा तो आवाजाकडे पाठवतो. ‘डॉ.’ किंवा ‘ता.’ इथे त्याला वाक्य संपल्याचा भास होतो, आणि ‘१,२५,०००’ मध्येच तुटले तर आधी ‘एकशे पंचवीस’ आणि मग ‘शून्य’ ऐकू येते. चाचणीत पूर्ण वाक्य बरोबर वाचले जाते आणि प्रत्यक्ष फोनवर बिघडते, याचे कारण बहुधा हेच. तुकडा आकड्यावर किंवा ओळखीच्या संक्षेपावर संपत असेल, तर पुढचा शब्द येईपर्यंत थांबायचे, हा त्यावरचा उपाय.

नावांच्या बाबतीत रोमन लिपी मोठी शत्रू ठरते. ग्राहकांची यादी इंग्रजीत असली, तर Kale काळे आहेत की काले हे कळत नाही, आणि इंग्रजी वळणाचे इंजिन Date आडनावाचे ‘डेट’, Sane चे ‘सेन’, More चे ‘मोर’ करून टाकते. नाव देवनागरीत साठवणे हा एकच खात्रीचा मार्ग आहे. मात्र देवनागरीही सगळे सांगत नाही. ‘चार’ आणि ‘पाच’ यांतला च वेगळा, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतलाही वेगळा, पण लिहिताना तो एकच.  ज आणि झ यांचेही तसेच. ज्ञानेश्वरचे ‘ग्यानेश्वर’ झाले, ळचा ल झाला, तर आवाजावर हिंदीची छाप आहे असे समजावे.

अशा ठिकाणी उच्चारकोश लागतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २००४ मध्ये SSML नावाची खूणभाषा प्रमाणित केली. तिच्यात एका मजकुराच्या जागी दुसरा वाचायला सांगता येते:

```xml
<speak>
  <sub alias="सातबारा">७/१२</sub> तयार आहे.
</speak>
```

तिच्यातच `phoneme` ही खूण वापरून उच्चार थेट ध्वनिचिन्हांत देता येतो, आणि दंत्य च-ज साठी तोच खरा उपाय. अडचण अशी की सगळे मराठी आवाज ही खूण पाळत नाहीत. काही इंजिने ती निमूटपणे गाळतात, म्हणून आधी एका शब्दावर तपासून पाहावे. ती चालत नसेल, तर वेगळ्या वर्णलेखनाने निभावते: ‘ज्ञ’साठी ‘द्न्य’ लिहिता येते, दंत्य च साठी मात्र देवनागरीत दुसरे अक्षरच नाही. तिथे आवाजाचे मॉडेल मराठी ध्वनिमुद्रणांवर पुन्हा शिकवावे लागते किंवा दुसरा आवाज निवडावा लागतो.

तपासणीसाठी शून्य ते नव्व्याण्णव, शंभराच्या आसपासच्या संख्या, प्रत्यय लागलेले आकडे, दोन अर्थांचे संक्षेप आणि सेवेच्या भागातली गावांची नावे अशी वाक्यांची एक कायमची यादी ठेवतात. दर बदलानंतर तिचे अक्षरी रूप प्रोग्रॅमकडून आपोआप ताडून घेता येते. बोललेले पुन्हा लिहून घेणाऱ्या यंत्रावर मात्र भिस्त ठेवता येत नाही, कारण ते ‘सातबारा’ ऐकून पुन्हा ‘७/१२’ लिहू शकते आणि दोन्ही च त्याच्या लेखनात सारखेच उमटतात. उच्चाराचा हा भाग माणसानेच ऐकावा लागतो, आणि गावाचे नाव असेल तर शक्यतो त्याच तालुक्यातल्या माणसाने.