बरणीवरचं नाव कुणाचं?

घरगुती मसाले आणि लोणची विकणाऱ्यांच्या बरण्या ओळीने मांडल्या, तर नावांचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार मालाचं वर्णन करणारा: ‘अस्सल मालवणी चव’, ‘घरगुती स्वाद’. दुसरा आडनावाचा: ‘सावंत मसाले’. तिसरा मालाशी काहीही संबंध नसलेला: ‘टिटवी’. विकायला पहिला प्रकार सोपा, कारण आत काय आहे ते नावच सांगतं. मालकीचा प्रश्न आला की मात्र क्रम उलटा लागतो. नाव मालाबद्दल जितकं जास्त सांगतं, तितका त्यावरचा तुमचा हक्क कच्चा असतो.

याचं कारण १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात आहे. मालाचा प्रकार, गुण किंवा गाव सांगणारे शब्द सगळ्यांच्याच कामाचे असतात. ‘मालवणी’ हा शब्द एकाला दिला, तर मालवणी मसाला करणाऱ्या बाकीच्यांनी बरणीवर लिहायचं काय? म्हणून अशा शब्दांची नोंदणी कायद्याचं कलम ९ नाकारतं. वर्षानुवर्षांच्या विक्रीने लोक ते नाव एकाच उत्पादकाशी जोडू लागले आहेत, हे पुराव्यानिशी दाखवलं तर अपवाद होतो. पण छोट्या उत्पादकाकडे असा पुरावा क्वचितच असतो. आडनावाची नोंदणी होऊ शकते, मात्र दुसऱ्या एखाद्या सावंतांनी प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा केला तर कलम ३५ त्यांच्या बाजूने उभं राहतं. ‘टिटवी’चं तसं नाही. मसाला विकायला त्या पक्ष्याची कुणालाच गरज नसते, म्हणून मसाल्यावर ते नाव टाकणाऱ्या दुसऱ्याला ते का घेतलं याचं उत्तर द्यावं लागतं.

आधी शोध

समजा, सावंतवाडीतल्या एक बाई चार वर्षं ‘टिटवी’ नावाने मालवणी मसाला, आंब्याचं लोणचं आणि कोकम सरबत विकत आहेत. त्यांच्याकडे अन्नसुरक्षेचा एफएसएसएआयचा परवाना आहे, उद्यम नोंदणी आहे, जीएसटी क्रमांकही आहे. नाव आपलं झालं, असं त्यांना वाटतं. पण यातल्या एकाही कागदाने नावावर हक्क मिळत नाही. तो परवाना अन्नाचा, उद्यम व्यवसायाची आणि जीएसटी कराचा. कंपनी स्थापन करून तिला ‘टिटवी’ नाव दिलं, तरी मसाल्याच्या ब्रँडचा प्रश्न वेगळाच राहतो.

त्यांचं पहिलं काम म्हणजे हे नाव आधी कुणी घेतलंय का ते पाहणं. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या ipindia.gov.in या संकेतस्थळावर हा शोध फुकट करता येतो. फक्त एकदा नाव टाकून तो संपत नाही. ‘टिटवी’ रोमन लिपीत Titvi, Titwi, Titavi असं कसंही लिहिलं जाऊ शकतं. शिवाय कायदा अक्षरांइतकंच कानालाही महत्त्व देतो. म्हणून ‘Wordmark’बरोबरच ‘Phonetic’ हा पर्यायही वापरून सारख्या उच्चारांची नावं पाहायची. मसाल्याच्या वर्गात आधीपासून ‘तितली’ नोंदलेलं निघालं, तर ते अडसर ठरू शकतं.

दोन नावं किती जवळची म्हणजे फार जवळची, याचं भारतातलं गाजलेलं उदाहरण औषधांचं आहे. ‘अमृतधारा’वाल्यांनी ‘लक्ष्मणधारा’च्या नोंदणीला विरोध केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अमृताची धार आणि लक्ष्मणाची धार, अर्थ तर वेगळे, असा बचाव होता. १९६२ साली न्यायालयाने तो मानला नाही. सामान्य गिऱ्हाईक शब्दाची फोड करून अर्थ लावत नाही. त्याला नाव अर्धवट आठवत असतं आणि एकूण उच्चारावरून ते फसू शकतं, असा न्यायालयाचा विचार होता. तरीही ‘लक्ष्मणधारा’ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण ते औषध तिथे अनेक वर्षं उघडपणे विकलं जात होतं आणि ‘अमृतधारा’वाले गप्प बसले होते. या निकालातून आपल्या बाईंनी दोन गोष्टी घ्यायच्या. नाव डोळ्यांनी नाही, कानांनी तपासायचं. आणि नक्कल दिसत असताना स्वस्थ बसायचं नाही.

अर्जातल्या दोन नाजूक जागा

अर्जाचा नमुना टीएम-ए. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात आणि ते ऑनलाइन करता येतात. देवनागरी नाव मराठी असेल, तर त्याचा रोमन उच्चार आणि अर्थही द्यावा लागतो. शुल्क वर्गागणिक असतं: व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. बाई स्वतःच्या नावाने अर्ज करत असतील तर सवलत आपोआप मिळते. भागीदारी संस्था असेल तर उद्यम प्रमाणपत्र जोडावं लागतं.

पहिली नाजूक जागा म्हणजे वर्ग. जगभरातल्या माल आणि सेवांची ४५ वर्गांत विभागणी केलेली आहे आणि हक्क प्रामुख्याने तुम्ही लिहिलेल्या मालापुरता मिळतो. स्वयंपाकघरात मसाला आणि लोणचं एकाच फळीवर असतात, पण या विभागणीत मसाला ३०व्या वर्गात, लोणचं २९व्या आणि कोकम सरबत ३२व्या वर्गात येतं. बाईंना तिन्ही हवे असतील तर शुल्क १३,५०० रुपये होतं. पैसे कमी असतील तर ज्या मालावर धंदा चालतो तो वर्ग आधी घ्यावा. सगळ्यांत स्वस्त म्हणून फक्त ३०वा घेतला आणि खरी विक्री लोणच्याची असली, तर मुख्य मालच कुंपणाबाहेर राहतो.

दुसरी जागा म्हणजे वापराची तारीख. नाव वापरात आहे की पुढे वापरायचं आहे, हे अर्जात सांगावं लागतं. घाईत ‘पुढे वापरणार’ लिहिलं, तर चार वर्षांचा इतिहास आपल्याच हाताने पुसला जातो आणि तो मागाहून परत आणणं अवघड असतं. कलम ३४ प्रमाणे नोंदणी कुणाचीही असो, त्याच्या आधीपासून सतत नाव वापरणाऱ्याला तो रोखू शकत नाही. म्हणून जुनी तारीख हीच छोट्या उत्पादकाची सगळ्यांत मोठी ताकद असते. ती सांगायची तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात: ‘टिटवी’ हे नाव असलेलं पहिलं बिल, लेबल छापल्याची छापखान्याची पावती, प्रदर्शनातल्या गाळ्याची जाहिरात. बिलावर फक्त ‘मसाला, २ किलो’ लिहिलं असेल, तर विक्री सिद्ध होते, नावाचा वापर नाही. आजपासून बिलात मालाबरोबर ब्रँडचं नाव लिहिणं, हा यावरचा बिनखर्चाचा उपाय.

नाव आणि बोधचिन्ह

नुसता शब्द नोंदवला की तो कोणत्याही वळणात लिहिला तरी संरक्षण टिकतं. बोधचिन्हाची नोंदणी मात्र त्या चित्राच्या एकत्रित रूपाला असते. पैसे एकाच अर्जापुरते असतील आणि नाव ‘टिटवी’सारखं पक्कं असेल, तर आधी शब्द नोंदवावा. बोधचिन्ह नोंदवताना रंगांचा आग्रह न धरता काळ्या-पांढऱ्यात दिलं, तर नोंदणी सगळ्या रंगांना लागू होते. रंग बांधून घेतले तर हक्कही त्या रंगांपुरता आकसतो.

इथे एक फसवी पळवाट आहे. ‘घरगुती स्वाद’ हे नाव शब्द म्हणून नाकारलं जाईल, म्हणून त्याभोवती चूल आणि पाटा-वरवंटा काढून बोधचिन्ह म्हणून अर्ज करतात. प्रमाणपत्र मिळतंही. पण मक्तेदारी मिळते ती पूर्ण चित्रावर, ‘घरगुती’ आणि ‘स्वाद’ या शब्दांवर नाही. शेजारच्या गावात कुणी ते शब्द वेगळ्या चित्रासह वापरले, तर त्या प्रमाणपत्राचा फारसा उपयोग होत नाही.

बोधचिन्ह बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतलं असेल, तर पैसे दिले म्हणून त्याचा कॉपीराइट आपल्याकडे आला असं धरून चालू नये. तो हस्तांतरित करणारा सही केलेला कागद घ्यावा आणि त्यात मुदत लिहावी. कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांचंच धरलं जातं.

अर्जानंतरची शांतता

अर्जाचा क्रमांक मिळाला की नावापुढे ‘टीएम’ लिहितात. ते अर्जाआधीही चालतं. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना तो छापायला कायद्याने मनाई आहे.

त्यानंतर परीक्षक अर्ज तपासतो. संकेतस्थळावर ‘Objected’ दिसलं की अनेकजण हात टेकतात. त्याचा अर्थ एवढाच की परीक्षकाने शंका काढली आहे. ‘तितली’शी साम्य आहे, असं त्याने म्हटलं तर उच्चार, अर्थ आणि माल यांतला फरक दाखवून आणि आपल्या वापराचे पुरावे जोडून उत्तर देता येतं. उत्तराची मुदत अहवाल मिळाल्यापासून ३० दिवस. अहवाल ईमेलने येतो, आणि तो ईमेल सायबर कॅफेवाल्याचा किंवा जुन्या सल्लागाराचा असेल तर मुदत कळण्याआधीच संपते. अर्जात स्वतःचा, रोज उघडला जाणारा ईमेल द्यावा.

परीक्षकाचं समाधान झालं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं. तेव्हापासून ४ महिने कुणीही विरोध नोंदवू शकतं. तसं झालं तर ‘Opposed’ दिसतं, आणि हे खरं भांडण असतं. विरोधाची प्रत मिळाल्यापासून २ महिन्यांत लेखी उत्तर दिलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. या टप्प्यावर वकिलाचा खर्च वाचवू नये. विरोध झालाच नाही, तर प्रमाणपत्र येतं. त्याची १० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजली जातात आणि पुढे नूतनीकरण करता येतं. नाव सलग ५ वर्षं वापरलंच नाही, तर ते काढून टाकण्याची मागणी मात्र दुसरा कुणी करू शकतो.

मग नोंदणीने नेमकं काय मिळतं?

नोंदणी नसली तरी नक्कल करणाऱ्यावर दावा करता येतो. पण त्यात आपल्या नावाची बाजारात पत आहे, त्याच्या नावाने लोक फसतात आणि त्यातून आपलं नुकसान होतं, हे सगळं सिद्ध करावं लागतं. नोंदणी असली की प्रमाणपत्र हाच हक्काचा प्राथमिक पुरावा ठरतो.

छोट्या उत्पादकाला त्याहून उपयोगी आहे ते कलम १३४. समजा, इंदूरच्या कुणीतरी ‘टिटवी’ नावाचा मसाला काढला. नोंदणी नसेल, तर साधारणपणे तो जिथे आहे किंवा जिथे तो माल विकतो, तिथल्या न्यायालयात जावं लागेल. नोंदणी असेल, तर जिथे आपण राहतो आणि धंदा करतो तिथे दावा लावता येतो. म्हणजे सावंतवाडीच्या बाईंनी तारखांना इंदूरला जायचं, की इंदूरवाल्याने ओरोसच्या जिल्हा न्यायालयात यायचं, हे अर्जाच्या त्या ४,५०० रुपयांवर ठरतं.