शिट्टीआधीचा आणि शिट्टीनंतरचा गॅस

पाव किलो हरभरे रात्री भिजत घातले. सकाळी ते झाकण ठेवून पातेल्यात शिजवले, तर सव्वा तास सहज जातो. कुकरमध्ये तेच काम पंचवीस मिनिटांच्या आत होतं. वेळ एक तृतीयांशाहून कमी झाला, मग गॅसही तेवढाच कमी लागला का? नाही. गॅस नुसत्या वेळेवर ठरत नाही. आच किती आणि ती किती वेळ, या दोन्हींच्या गुणाकारावर ठरतो.

मोठा बर्नर पूर्ण आचेवर साधारण २ किलोवॅटचा धरू. एक किलो गॅसमधून सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे हा बर्नर मिनिटाला २.६ ग्रॅम गॅस जाळतो. बारीक आचेवर त्याच्या पाव, ०.६५ ग्रॅम.

आता पातेल्याचा हिशेब. उकळी येईपर्यंत मोठ्या आचेवर ९ मिनिटं, म्हणजे २३ ग्रॅम. पुढे बारीक आचेवर ७० मिनिटं, म्हणजे ४५ ग्रॅम. एकूण ६८.

कुकर जड असतो, शिवाय आतलं पाणी १०० नव्हे तर १२० अंशांपर्यंत तापवायचं असतं. म्हणून पहिल्या शिट्टीला ११ मिनिटं धरू. २९ ग्रॅम, पातेल्यापेक्षा जास्तच! पण पुढे बारीक आचेवर १२ मिनिटं पुरतात, म्हणजे ८ ग्रॅम. एकूण ३७. बचत ३१ ग्रॅमची, सुमारे ४५ टक्के. रोज असं एक कडधान्य शिजवलं, तर महिन्याला जवळपास एक किलो गॅस वाचतो.

ही बचत होते ती शिट्टीनंतरच्या टप्प्यात. उघड्या हवेत पाणी उकळलं की आच कितीही वाढवा, ते १०० अंशांवरच राहतं. जादा उष्णतेची नुसती वाफ होते. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, पाणी १२० अंशांना जातं आणि दाणा लवकर मऊ होतो.

पण पहिल्या शिट्टीनंतर आच तशीच मोठी ठेवली, तर त्या १२ मिनिटांत ८ ऐवजी ३१ ग्रॅम गॅस जळतो. एकूण ६० ग्रॅम होतात, म्हणजे पातेल्याच्या जवळपास. जादा गॅस शिट्ट्यांबरोबर वाफ होऊन उडून जातो. उसळीत घातलेलं पाणी आटलेलं दिसलं आणि शिट्ट्या एकामागून एक येत राहिल्या, की आच मोठी आहे असं समजावं.

भाताची गोष्ट वेगळी. तो मुळातच पंधरा-वीस मिनिटांत शिजतो, त्यामुळे बहुतेक गॅस पाणी तापवण्यातच जातो आणि कुकरला वाचवायला फारसं उरत नाही. कुकरची खरी कमाई हरभरे, राजमा, तूरडाळ अशा वेळ घेणाऱ्या जिनसांत आहे, आणि तीही पहिली शिट्टी ऐकताच आच बारीक केली तर.