पहिला जोर जमिनीवर नको, ओट्यावर काढा



उसाची मोळी सहज डोक्यावर घेणारा गडीसुद्धा जमिनीवर सरळ जोर काढायला गेला की पुष्कळदा अर्ध्यातच खाली बसतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मोळी उचलताना बळ लागते ते पाठीचे आणि मांड्यांचे. जोर काढताना छाती, खांदे आणि दंडाचा मागचा भाग यांच्यावर काम येते, आणि ते स्नायू शेतीच्या कामात तितके वापरले जात नाहीत. तालमीतला कंबर वर काढून झोकात पुढे जाण्याचा जोर वेगळा. येथे आम्ही सांगतो आहोत तो साधा सरळ जोर, ज्याला शाळेतली मुले पुश-अप म्हणतात.

जमिनीवरच्या जोरात आपल्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग हातांवर येतो. म्हणजे माणूस ६० किलोचा असला तर जवळजवळ ४० किलो. गुडघे टेकवले तर हाच भार निम्म्यावर, म्हणजे ३० किलोच्या आसपास येतो. पण पाय जमिनीवर ठेवून हात फूटभर उंच पायरीवर टेकवले तर ३३ किलो, आणि दोन फूट उंच ओट्यावर टेकवले तर २५ किलोच उरतो. उंची वाढवली की भार घटतो, कारण जास्त वजन पायांवर जाते. भिंतीला हात लावून उभ्यानेच केले तर भार आणखी कमी होतो.

म्हणून आमचा सल्ला असा, की गुडघे टेकण्यापेक्षा उंची कमी करत या. गुडघ्यावरून एकदम जमिनीवर यायचे म्हणजे १० किलोची उडी होते, आणि गुडघे टेकल्यावर पोट व कंबर सरळ धरण्याचा सरावही कमी होतो. उंचीची पायरी मात्र हवी तितकी लहान करता येते.

आता करायचे कसे? एरंडोल भागात घरापुढे ओटा असतोच. त्याच्या कडेवर हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवा, पाय मागे न्या. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ काठीसारखे ठेवा. श्वास घेत सावकाश खाली या, छाती कडेला लागत आली की श्वास सोडत वर जा. कोपरे अंगापासून थोडीच दूर असावीत. दोन्ही बाजूंना पंखांसारखी पसरली तर खांदा दुखतो. खुर्ची किंवा बैलगाडीचा आधार घेऊ नये, कारण ती सरकते.

समजा, साठ किलोच्या आपल्या सभासदाला ओट्यावर ६ जोर नीट जमतात. त्याने एक दिवसाआड ६-६ चे तीन फेरे करावेत, मध्ये दोन मिनिटे थांबावे. अंगात येईल तसे एकेक जोर वाढवत न्यावे. तिन्ही फेऱ्यांत १२-१२ नीट निघू लागले की हात सहा इंच खाली आणावेत. ओट्याची खालची पायरी असेल तर उत्तम, नाही तर पक्की वीट ठेवून उंची जुळवावी. वीट मात्र डगमगता कामा नये. उंची उतरवली की जोरांची संख्या घटतेच, त्याची चिंता नको. पुन्हा १२ ला पोहोचावे, मग पुन्हा उतरावे.

शेवटची पायरी आणि जमीन यांच्यात अडले तर एक युक्ती आहे. जमिनीवर वरच्या स्थितीत या आणि चार आकडे मोजत फक्त खाली उतरा. मग गुडघे टेकून वर या. खाली उतरताना स्नायू जास्त भार पेलतो, म्हणून वर उचलता येत नसलेला माणूसही उतरू शकतो. असे चार-पाच केले की पुरे.

चुकते ते ओळखावे कसे? कंबर खोलगट झाली, ढुंगण वर राहिले किंवा छातीआधी डोके खाली गेले, तर उंची जास्त लवकर उतरवली असे समजावे. एक पायरी वर जा, एवढेच. मनगट दुखत असेल तर ओट्याच्या गोल कडेला मुठीने धरून पाहावे. दुसऱ्या दिवशी छाती-दंड ठणकतात ते स्वाभाविक. पण खांद्याच्या सांध्यात टोचले तर थांबावे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि श्वास कोंडून धरू नये. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तेथेच थांबून दवाखाना गाठावा.

एक जोर जमिनीवर नीट निघाला, म्हणजे छाती जमिनीच्या चार बोटे जवळ येऊन कंबर न वाकता वर गेली, तर तो पूर्ण समजावा. तोवर ओटा तुमचाच आहे.