रविवारी वाळलेला कापूस

आठवीच्या एका गटाने मुगावर प्रयोग केला होता. चार ताटल्यांत ओल्या कापसावर प्रत्येकी 20 मूग. एका ताटलीला साधे पाणी, बाकीच्या तीन ताटल्यांना लिटरमागे 2, 5 आणि 10 ग्रॅम मीठ घातलेले. चौथ्या दिवशी मोड आलेले मूग अनुक्रमे 19, 17, 9 आणि 12. तक्ता सुबक होता, सादरीकरण करणारा मुलगा न अडखळता बोलला. मी चौघांनाही 20 पैकी 17 गुण दिले.

मग जाता जाता विचारले, 5 ग्रॅमच्या ताटलीत 10 ग्रॅमपेक्षा कमी मोड कसे? बोलणारा म्हणाला, "मिठामुळे, बाई." मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "रविवारी त्या ताटलीचा कापूस वाळला होता. मी सोमवारी पाहिलं." रोज सकाळी मोजणी तिनेच केली होती. प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट एकटीला माहीत होती आणि तिचे गुण बाकीच्यांइतकेच होते.

त्यानंतर मी गुणदानाचा तक्ता, ज्याला आम्ही शिक्षक रूब्रिक म्हणतो, नव्याने केला. 20 पैकी 12 गुण गटाचे, 8 एकेकट्याचे. गटाच्या बारांत तीन निकष, प्रत्येकी 4 गुण: तुलना नीट मांडली का, नोंदी विश्वासार्ह आहेत का, निष्कर्ष नोंदींतूनच निघतो का. इथे 'चांगले', 'समाधानकारक' असे शब्द लिहून भागत नाही, कारण दोन शिक्षक त्यांचे दोन अर्थ लावतात. डोळ्यांना दिसेल तेच लिहायचे. नोंदींसाठी 4 गुण कधी? रोजची मोजणी तारखेसह आहे आणि विसंगत आकड्याचे कारण शोधले आहे तेव्हा. मोजणी आहे पण विसंगतीबद्दल मौन आहे, तर 2. फक्त शेवटचा आकडा असेल, तर 1. अपेक्षित उत्तर आले की नाही याला गुणच नाहीत. ते ठेवले की मुले आकडे 'दुरुस्त' करतात.

एकेकट्याच्या आठांत 3 गुण स्वतःच्या नोंदवहीला आणि 5 तोंडी प्रश्नांना. प्रश्न दोन. एक त्याने स्वतः केलेल्या कामावर, दुसरा मुद्दाम सोबत्याच्या कामावर. ज्याने तक्ता रंगवला त्यालाही साध्या पाण्याची ताटली कशाला ठेवली ते सांगता यायला हवे. अक्षर सुंदर असलेल्या मुलीच्या वाट्याला दरवेळी तक्ताच येतो आणि मोजमाप दुसरेच करतात, हेही या प्रश्नाने उघडे पडते.

मुगाचा तोच गट या तक्त्यावर पुन्हा तपासला. तुलनेला 4, नोंदींना 2, निष्कर्षाला 2, म्हणजे गटाचे 8. मोजणारीला नोंदवहीचे 3 आणि तोंडीचे 5 मिळून एकूण 16. बोलणाऱ्याला 1 आणि 3, एकूण 12. तक्ता करणारीला 13, चौथ्याला 11. आधीचे चार सतरा आठवले की मला अजून वाईट वाटते.

मुलांनीच एकमेकांना गुण द्यावेत, ही पद्धतही वापरून पाहिली. प्रत्येकाने स्वतःला वगळून तिघांत 30 गुण वाटायचे, म्हणजे सरासरी प्रत्येकाला 30 मिळतात. एका गटात ते 38, 34, 30 आणि 18 असे आले. गटाच्या 16 गुणांना त्या प्रमाणात गुणले, तर पहिल्याला 20 पैकी 20.3 मिळतात आणि शेवटच्याला 9.6. पहिला आकडा अशक्य आहे, दुसरा अन्यायाचा असू शकतो: वर्गात नवीन आलेल्या, कुणाशी न बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला असे अठरा सहज येतात. उलट जिवलग मित्रांच्या गटात चौघांनाही 30. त्यामुळे या चिठ्ठ्यांचे मी गुण करत नाही. चिठ्ठीत कुणाचा आकडा फार खाली दिसला, तर त्याची नोंदवही आधी उघडते आणि तोंडीत त्याला जरा जास्त वेळ देते. दोनदा असे झाले की अठरावाल्याचीच नोंदवही भरलेली निघाली.

वेळ लागतो, हे खरे. 48 मुले, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे 144 मिनिटे. 35 मिनिटांच्या चार-पाच तासिका जातात. बाकीची मुले तेवढ्यात निष्कर्ष लिहून काढतात. बुजऱ्या मुलाला मी उत्तर बोलायला लावत नाही. ताटली समोर ठेवते आणि "दाखव" म्हणते, किंवा दोन ओळी लिहून घेते. पाठांतरावर बोलणारा मात्र "कशावरून म्हणतोस?" एवढे विचारले तरी थांबतो.

तक्ता आता प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात देते. यंदा तो वाचून झाल्यावर एका गटात पहिला वाद झाला तो रविवारी ताटल्या कुणी घरी न्यायच्या यावर.