वर्गाच्या फोटोतून चित्रकथा

चित्रकलेच्या बाईंनी नववीच्या मुलांसमोर सहलीचा ग्रुप फोटो पडद्यावर लावला आणि विचारलं, "यात गोष्ट कुठे आहे?" सगळे चेहरे कॅमेऱ्याकडे वळलेले. कोपऱ्यात मात्र दोघी एका डब्यावरून भांडत होत्या. "वार्षिकांकातली चौकट ही," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी हिशेब मांडला. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ६ सेंटिमीटर रुंद चौकटीला सुमारे ७०० पिक्सेल लागतात. त्या कोपऱ्याचे भरले जेमतेम २००, म्हणजे छापून पावणेदोन सेंटिमीटरच. फोनवरून फिरत आलेला फोटो आकुंचन पावतो. म्हणून मूळ फाइल मागवायची.

पुढे GIMP मधल्या Threshold ने फोटो निव्वळ काळा-पांढरा केला. भर दुपारच्या उन्हातल्या फोटोत डोळ्यांखालची सावली काळी होऊन चेहरा हरवला. बाईंनी Posterize घेऊन ४ छटा ठेवल्या, तसे डोळे पुन्हा दिसू लागले.

शेवटी फुगे. मराठी डावीकडून वाचतात, म्हणून आधी बोलणारीचा फुगा डावीकडे, वर. शब्द आधी लिहायचे, फुगा त्यांच्याभोवती काढायचा. नाहीतर वेलांट्या कडेला घासतात. आणि फुग्यातलं वाक्य छापण्याआधी त्या दोघींना दाखवायचं.