'पब्लिश' दाबण्याआधीच ठरलेलं

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचं यूट्यूब चॅनल डोळ्यांसमोर आणा. दर वर्षीच्या व्याख्यानमालेचं चित्रीकरण होतं आणि कुणीतरी उत्साही सभासद ते चढवतो. हा सभासद दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. आधीचा पुण्याला नोकरीला गेला की पासवर्ड नव्याच्या हाती येतो. पासवर्डाबरोबर आधीच्याने करून ठेवलेल्या निवडीही येतात, पण त्या कुणी सांगत नाही. यूट्यूबवर त्या एका ठरावीक जागी साठवलेल्या असतात आणि संगणकावरून चढवलेल्या प्रत्येक नव्या व्हिडिओला आपोआप लागू होतात.

ती जागा सापडायला वेळ लागत नाही. संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडा, डावीकडे खाली `Settings` वर जा आणि त्यात `Upload defaults` निवडा. तिथे दोन पानं महत्त्वाची आहेत. `Basic info` मध्ये शीर्षक, वर्णन, टॅग आणि `Visibility`, म्हणजे व्हिडिओ कुणाला दिसणार, हे असतं. `Advanced settings` मध्ये परवाना, वर्ग, भाषा, टिप्पण्या वगैरे असतं. यातलं दुसरं पान वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही, आणि सगळ्यात महागात पडू शकणारी ओळ नेमकी तिथेच आहे: `License`.

व्हिडिओ चढवताना ही ओळ नजरेला का पडत नाही, हेही पाहू. चढवण्याच्या खिडकीत पहिल्या पायरीवर शीर्षक, वर्णन, लघुचित्र आणि 'हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का' हा प्रश्न समोर येतो. परवाना आणि वर्ग त्याच पायरीवर असतात, पण पार खाली, `Show more` दाबल्यावर उघडणाऱ्या भागात. रात्री दहाला कार्यक्रम संपवून घरी आलेला सभासद तेवढं खाली जात नाही. `Next`, `Next` करत तो शेवटच्या पायरीवर पोचतो आणि व्हिडिओ जातो. परवान्याबद्दल त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

परवान्यासाठी पर्याय दोनच. `Standard YouTube License` असेल तर व्हिडिओचे हक्क तुमच्याकडे राहतात आणि लोक तो यूट्यूबवर पाहू शकतात. `Creative Commons - Attribution` निवडलात, तर तुमचं श्रेय देऊन कुणीही तो व्हिडिओ कापू शकतो, जोडू शकतो, दुसऱ्या चॅनलवर चढवू शकतो आणि त्यातून पैसेही मिळवू शकतो. ज्ञान मोकळं असावं असं वाटणाऱ्यांसाठी हा परवाना फार मोलाचा आहे. स्वतः बनवलेले गणिताचे धडे किंवा गावच्या देवराईचं स्वतः केलेलं चित्रीकरण या परवान्याने दिलं, तर अनेकांच्या उपयोगी पडेल. पण ते जाणूनबुजून द्यायला हवं, आणि जे द्यायचं ते आपलं असायला हवं.

आपल्या ग्रंथालयात काय झालं असेल? समजा, आधीच्या सभासदाने पुस्तकबांधणीच्या कार्यशाळेचे व्हिडिओ चढवले होते. ते सर्वांना वापरता यावेत म्हणून त्याने मूळ सेटिंगमध्येच मुक्त परवाना ठेवला. त्याचा हेतू चांगला होता आणि व्हिडिओही संस्थेचे होते. मग चॅनल नव्या हाती गेलं. पुढच्या हंगामातली सगळी व्याख्यानं संगणकावरून चढली आणि सगळ्यांना तोच परवाना चिकटला.

व्याख्यान मात्र ग्रंथालयाचं नसतं. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार भाषण करणारा असतो. ते कुणाच्या वतीने केलेलं असेल, तर ज्याच्या वतीने केलं तो. सभागृह कुणाचं, कॅमेरा कुणाचा, मानधन कुणी दिलं, याने हा हक्क आपसूक संस्थेकडे येत नाही. म्हणजे वक्त्याची परवानगी न घेता ग्रंथालयाने त्याचं भाषण जगाला वापरायला देऊन टाकलं. उद्या एखाद्याने त्यातली वीस मिनिटं उचलून स्वतःच्या जाहिरातींच्या चॅनलवर लावली आणि खाली ग्रंथालयाचं नाव दिलं, तर तो सचोटीने म्हणेल की मी परवाना पाहूनच घेतलं. वक्ता मात्र जाब विचारायला ग्रंथालयाकडे येईल, आणि त्याचं चुकत नाही.

इथे सेटिंग बदलून सगळं निस्तरत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना मागे घेता येत नाही. तुम्ही आज व्हिडिओवरचा परवाना बदललात, तर आजपासून येणाऱ्यांना तो मिळणार नाही. पण ज्याने कालपर्यंत त्या परवान्याखाली प्रत घेतली, त्याचा वापराचा हक्क उरतो. हा नियम स्वतःच्या मालकीच्या व्हिडिओंचा झाला. जिथे परवाना देण्याचा अधिकारच नव्हता, तिथे वक्त्याला सरळ सांगून पुढे काय करायचं ते त्याच्या सल्ल्याने ठरवणं एवढंच हाती राहतं.

आपल्या चॅनलवर असं झालंय का, हे बाहेरूनही कळतं. व्हिडिओखालचं वर्णन पूर्ण उघडा. मुक्त परवाना असेल तर तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सचा उल्लेख दिसतो. जुने व्हिडिओ मूळ सेटिंग बदलल्याने सुधारत नाहीत, कारण ते सेटिंग फक्त पुढच्यांना लागतं. त्यासाठी स्टुडिओच्या `Content` मध्ये हवे ते व्हिडिओ खुणा करून निवडा, `Edit` मधून `License` घ्या आणि एकदम बदला. त्याआधी कोणत्या व्हिडिओवर काय होतं याची यादी वहीत लिहून ठेवा. नंतर वाद झाला तर तीच कामाला येईल.

दृश्यतेचं दुखणं वेगळं आहे. शेवटच्या पायरीवर `Private`, `Unlisted`, `Public` हे पर्याय दिसतात, पण मूळ सेटिंगमधला पर्याय आधीच निवडलेला असतो. तो `Public` असेल आणि घाईत बटण दाबलं गेलं, तर न कापलेलं चित्रीकरण, मध्ये कुणी माइकवर बोललेलं खाजगी वाक्य, सगळं सदस्यांपर्यंत पोचतं. नंतर लपवता येतं, पण गेलेली सूचना परत येत नाही. म्हणून संस्थांनी इथे `Private` ठेवावं असं माझं ठाम मत आहे. `Unlisted` ला लोक खाजगी समजतात, ते तसं नाही. दुवा मिळालेला कुणीही तो व्हिडिओ पाहू शकतो आणि पुढे पाठवू शकतो. कुणी तो आपल्या सार्वजनिक प्लेलिस्टमध्ये टाकला तर तो शोधातही येऊ शकतो.

वर्गाची चूक यांच्यापुढे किरकोळ. अनेक चॅनलांवर सगळं काही `People & Blogs` मध्ये पडलेलं असतं, कारण तिथे कुणी हात लावलेला नसतो. व्याख्यानमालेला `Education` शोभतं. तो वर्ग घेतला की इयत्तेसारखी जादा माहितीही भरता येते. चुकला तर कधीही बदला, कुणाचं नुकसान होत नाही.

फोनवरच्या ॲपमधून चढवलेल्या व्हिडिओंना मात्र ही मूळ सेटिंग्ज लागू होत नाहीत. म्हणून अर्धं काम फोनवर आणि अर्धं संगणकावर होत असेल, तर एकाच मालेतल्या दोन भाषणांचे परवाने वेगळे निघू शकतात. खात्री करायची तर सेटिंग जतन केल्यावर संगणकावरून दहा सेकंदांची एखादी चाचणी क्लिप चढवा, `Show more` उघडून परवाना आणि वर्ग वाचा, शेवटच्या पायरीवर कोणता पर्याय आधीच निवडलेला आहे ते पाहा आणि मग ती क्लिप काढून टाका. वक्त्याकडून मात्र कार्यक्रमाच्या दिवशीच कागदावर सही घ्यावी: व्हिडिओ चॅनलवर ठेवायला संमती आहे का, आणि इतरांनी वापरायला आहे का. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसऱ्याला 'नाही' म्हणण्याची मुभा त्या कागदावर स्पष्ट हवी.